लग्न आणि जामित्र

मंडळी, आपण विवाहाला सहज ‘लग्न’ म्हणतो. मुळात लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजाला लागलेली, उगवती रास. तिच्या बरोबर समोर मावळतीला असते ती सातवी रास; तेच जोडीदाराचे घर. त्याचे जुने नाव जामित्र. हा शब्द संस्कृत वाटतो खरा, पण तो ग्रीक ‘दियामेत्रोस’चा, म्हणजे व्यासाचा, अवतार आहे. सहाव्या शतकातला वराहमिहिर शुक्राला ‘आस्फुजित्’ म्हणतो, ती ग्रीकांची अफ्रोदिती! यवनांचे हे ऋण त्याने मोकळेपणी मानले आहे. आणि कालिदासाला तर कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीच्या विवाहासाठीसुद्धा जामित्रगुण पाहिलेली तिथीच हवी होती.

मुहूर्तकारांचा नियम असा, की वृषभ लग्नावर विवाह धरला तर समोरची वृश्चिक रास रिकामी हवी; तेथे शुक्रही चालत नाही. जातकशास्त्रात मात्र सातव्यातल्या शुक्रावरून जोडीदार रसिक, देखणा असे सांगतात. त्यावर कोणी किती विश्वास ठेवावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे कधीच जात नाही. तो मावळतीच्या राशीत असेल, तर सूर्यही पश्चिमेकडेच असणार. म्हणून सप्तमात शुक्र दाखवणारी पत्रिका मध्यरात्रीच्या जन्माची म्हणून कोणी पुढे केली, तर भविष्य राहू द्या, आधी जन्मवेळ तपासा.