ऑफर लेटरचा गोषवारा

नोकरी देऊ करणाऱ्या पत्रातील पगार, नोटीस, परिविक्षा (प्रोबेशन) आणि इतर अटी यांचे उमेदवाराने स्वतःसाठी केलेले एका पानाचे टिपण. मूळ पत्र सहा-सात पानांचे असते आणि पगाराचे कोष्टक बहुधा शेवटच्या पानावर, ‘परिशिष्ट अ’ म्हणून जोडलेले असते. नवखा उमेदवार ते कोष्टक आधी उघडतो आणि पुष्कळदा तेवढेच वाचतो. त्या आकड्यांना लगडलेल्या अटी मात्र आधीच्या पानांवर विखुरलेल्या असतात. त्या वेचून ज्या-त्या आकड्याशेजारी आणून ठेवणे हेच गोषवाऱ्याचे काम. अट गाळून नुसता आकडा उतरवला तर टिपण आटोपशीर दिसते, पण दिशाभूल करते.

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाड्याजवळच्या आंबी परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तळेगाव एमआयडीसीचे कारखाने एकमेकांच्या शेजारीच आहेत. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या हाती अशी पत्रे निकालाआधीच पडतात. त्यांचा ठरलेला साचा डोळ्यांपुढे ठेवून येथे एक कल्पित उदाहरण सोडवले आहे : पद ‘पदवीधर अभियंता प्रशिक्षणार्थी’, सीटीसी वर्षाला ४,२०,००० रुपये.

सीटीसी म्हणजे कंपनीला त्या माणसापायी येणारा एकूण खर्च. बाराने भागले की महिना ३५,००० होतो आणि घरी सांगितला जातो तोही हाच आकडा. कोष्टक असे : मूळ पगार १७,५००, घरभाडे भत्ता ७,०००, विशेष भत्ता ४,३५८, कंपनीचा भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) १,८००, ग्रॅच्युइटी ८४२, आरोग्यविमा ५००, कामगिरीनुसार वेतन ३,०००. यांतले पहिले तीनच दरमहा पगारपत्रकावर येतात. त्यांची बेरीज २८,८५८. त्यातून उमेदवाराचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसायकर २०० वजा जातो (फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००). उरतात २६,८५८. कँटीन आणि कंपनीच्या बसचे मिळून समजा ९०० कापले, तर बँकेत २५,९५८ जमा होतील. गोषवाऱ्याची पहिली ओळ हीच असावी. सीटीसी तिच्याखाली लिहावा. कँटीन-बसची कपात कोष्टकात सहसा नसते, ती विचारूनच कळते.

उरलेल्या चार रकमांपैकी प्रत्येकीची गत वेगळी. कंपनीच्या पीएफपैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि ५५० खात्यात पडतात. येथे पीएफ १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर धरला आहे. काही कंपन्या तो पूर्ण मूळ पगारावर धरतात. तसे झाले तर दोन्ही बाजूंचे २,१०० होतील आणि सीटीसी तोच राहिल्याने विशेष भत्ता ३०० रुपयांनी उतरेल. हाती येणारी रक्कम ६०० रुपयांनी घटेल. हे पैसे बुडत नाहीत, पण खोलीचे भाडे त्यातून भरता येत नाही. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के दराने दरमहा सीटीसीत मोजली जाते, पण कायम नोकरीत ती सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सेवेनंतरच पदरात पडते. विम्याचा हप्ता परस्पर विमा कंपनीकडे जातो.

चौथी रक्कम कामगिरीनुसार वेतनाची, वर्षाला ३६,०००. तिच्याबद्दलचे कलम बहुधा पानभर दूर असते आणि त्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात : रक्कम कंपनीच्या निकालावरही अवलंबून आहे, आणि वाटपाच्या दिवशी नोकरीत असलेल्यालाच ती मिळेल. ऑगस्टमध्ये रुजू झालेल्याला मार्चअखेर आठ महिन्यांचा हिस्सा मिळणार की काहीच नाही, याबद्दल पत्र गप्प असते. अशा ठिकाणी गोषवाऱ्यात अंदाज लिहू नये. ‘पत्रात नाही, विचारणे’ एवढेच लिहावे.

परिविक्षेच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा प्रशिक्षणकाळामुळे होतो. आपल्या उदाहरणात प्रशिक्षण एक वर्षाचे आणि त्यानंतर परिविक्षा सहा महिन्यांची, म्हणजे कायम व्हायला किमान दीड वर्ष. पत्रातील ‘सहा महिने’ तेवढे उचलून टिपणात लिहिले की हिशेब एका वर्षाने चुकतो. पुढचा प्रश्न मुदत संपल्यावर काय होते हा. ‘लेखी कायम केल्याखेरीज परिविक्षा चालूच राहील’ असे वाक्य असेल, तर नुसते सहा महिने उलटल्याने माणूस आपोआप कायम होत नाही. मुदतवाढ किती वेळा, पगारवाढ रुजू झाल्यापासून वर्षाने की कायम झाल्यावर, ही दोन उत्तरे त्याच ओळीत हवीत.

नोटीस कालावधीचे दोन आकडे असतात, परिविक्षेतील आणि नंतरचा. आणि दोन्हींना दोन बाजू. उमेदवाराने ६० दिवस द्यायचे आणि कंपनीने मात्र परिविक्षेत नोटीस न देता काढायचे, अशी कलमे सर्रास दिसतात. टिपणात म्हणून ‘मी सोडली तर’ आणि ‘त्यांनी काढले तर’ अशा दोन ओळी कराव्यात. नोटीसऐवजी पैसे भरून सुटका मिळत असेल, तर ते पैसे मूळ पगारावर की एकूण पगारावर? आपल्या उदाहरणात दोन महिन्यांचे पहिल्या हिशेबाने ३५,००० आणि दुसऱ्याने ५७,७१६ होतात. त्यातही ‘व्यवस्थापनाच्या मान्यतेने’ हे दोन शब्द असतील, तर पैसे खिशात असूनही तारीख कंपनीच ठरवते. हे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत.

बाँड वेगळ्या करारात असतो आणि पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो. असला बाँड कोर्टात टिकत नाही, हा कट्ट्यावरचा सल्ला अर्धवट आहे. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये तीन वर्षांची किमान सेवा किंवा दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. ती सार्वजनिक बँक होती आणि भरतीवरचा खर्च हा तिथला मुद्दा होता. म्हणून प्रत्येक बाँड पक्का ठरत नाही, पण तो कागद हातात येऊन वाचल्याशिवाय होकार देऊ नये. रक्कम दर महिन्याला घटत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण राहते, हेही त्यात पाहावे. मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची अट असेल, तर ती साफ नाकारावी. पडताळणीला मूळ दाखवून प्रत देणे पुरेसे असते.

एमआयडीसीच्या भागात एक ओळ आवर्जून हवी : पत्र कोणाच्या नावाचे आहे. मुलाखत कारखान्यात झाली तरी लेटरहेड मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे असू शकते. मग कायम होण्याचे, बोनसचे, पीएफचे सगळे प्रश्न त्या ठेकेदाराला विचारायचे असतात. कामाचे ठिकाण ‘तळेगाव’ आणि पुढे ‘किंवा कंपनीचे भारतातील कोणतेही युनिट’ असेल, तर दोन्ही लिहावे. निकालाची अट तर अक्षरशः उतरवावी : कोणत्या तारखेपर्यंत, एकही विषय न राहता, किती टक्क्यांनी.

गोषवाऱ्याच्या प्रत्येक ओळीपुढे मूळ कलमाचा क्रमांक टाकतात, म्हणजे शंका आली की पत्रात परत शोधता येते. ज्या ओळींपुढे ‘विचारणे’ राहिले, त्या एका ईमेलने एचआरकडे पाठवाव्यात आणि उत्तर ईमेलनेच मागावे. फोनवर ‘ते आमच्याकडे असतंच’ म्हणून दिलेले उत्तर परत ईमेलने लिहून ‘बरोबर ना?’ असे विचारता येते. ऑफर लेटरवर सही झाली तरी गोषवारा फाडू नये. रुजू होताना नियुक्तिपत्र मिळते, २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते देणे बंधनकारक केले आहे, आणि नोटीसचे दिवस किंवा कामाचे ठिकाण या दोन पत्रांत वेगवेगळे निघू शकते.