तळटीप : त्साइटगाइस्ट

१. त्साइटगाइस्ट : ‘त्साइट’ म्हणजे काळ, ‘गाइस्ट’ म्हणजे आत्मा किंवा चैतन्य. हा जर्मन शब्द हेगेलच्या नावावर खपवण्याची रूढी आहे. प्रस्तुत लेखकानेही तेच केले आहे. प्रत्यक्षात तो हेर्डरच्या १७६९च्या लेखनात आढळतो, तेव्हा हेगेल जन्मलाही नव्हता. हेगेल स्वतः बहुधा ‘आपल्या काळाचा आत्मा’ अशी सुटी शब्दरचना वापरतो.

‘युगधर्म’ हा मराठी पर्याय आम्ही मुद्दाम टाळला. त्यात त्या युगात काय करावे, हा आदेश येतो. येथे केवळ हवा कोणती होती एवढेच सांगायचे आहे. पण ती हवा नेमकी कोणाची, हे लेखक क्वचितच सांगतात. चार सुशिक्षितांच्या बैठकीतले मत साऱ्या काळाच्या तोंडी घातले जाते. गटेच्या ‘फाउस्ट’मध्येही (पहिला भाग, १८०८) नायक या सवयीची टर उडवतो.

याच आशयाचे इंग्रजी नाव हॅझलिटने १८२५ साली आपल्या पुस्तकाला दिले, पण व्याख्या केली नाही. बेन्थॅम, गॉडविन, स्कॉट, वर्ड्‌स्वर्थ अशा परस्परांशी न जुळणाऱ्या समकालीनांची शब्दचित्रे त्याने शेजारी शेजारी ठेवली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत डोक्यावर घेतलेला गॉडविन तीसेक वर्षांत विस्मरणात गेला, हे तो दाखवतो आणि काळ कसा पालटला ते वाचकाला त्यातूनच कळते. आमच्या मते शब्दाचा हा सर्वांत प्रामाणिक वापर. प्रस्तुत प्रकरणात मात्र तो केवळ ‘त्या वेळची फॅशन’ एवढ्याच अर्थाने आला आहे, तसाच वाचावा. — संपा.