साप्ताहिक वेतनाकडून मासिक वेतनाकडे : सांध्यावरील तासांचा हिशेब

साप्ताहिक वेतन बंद करून मासिक वेतन सुरू करताना जुना हिशेब संपण्याची आणि नवा सुरू होण्याची तारीख क्वचितच जुळते. 2025 मध्ये रद्द झालेल्या कारखाने अधिनियम, 1948 नुसार आठवडा शनिवारच्या मध्यरात्री सुरू होत असे. महिना मात्र कोणत्याही वारी उजाडतो.

समजा, एखाद्या कारखान्यात शेवटचे साप्ताहिक वेतन शनिवार, 27 सप्टेंबर 2025 पर्यंतचे दिले आणि मासिक हिशेब बुधवार, 1 ऑक्टोबरपासून धरला. रविवारची सुटी वगळता 29 व 30 सप्टेंबर हे कामाचे दिवस कोणत्याच पत्रकात येत नाहीत. त्यासाठी 28 ते 30 सप्टेंबर असा स्वतंत्र अल्प वेतन कालावधी नोंदवून त्याचे वेतन चुकते करावे लागते.

एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. कामगाराने सोमवार ते शनिवार रोज 9 तास काम केले, तर आठवड्याचे 54 तास भरतात. 48 तासांवरील 6 तासांना दुप्पट दर लागू होतो. परंतु अल्प कालावधीत 18 आणि ऑक्टोबरमध्ये 36 तास वेगवेगळे मोजल्यास जादा काम कुठेच दिसत नाही. म्हणून हजेरीपटात साप्ताहिक बेरीज अखंड ठेवून, आठवडा जेथे संपतो त्या ऑक्टोबरच्या वेतनात हे 6 तास धरावेत.

पडताळणीसाठी 28 सप्टेंबर ते 31 ऑक्टोबरचे हजेरीतील तास दोन्ही पत्रकांतील एकूण तासांशी ताडून पाहावेत. फरक निघाल्यास तो बहुधा याच सांध्यावर सापडतो.