शेअर्सची संख्या वाढवली की जोखीम किती कमी होते?

‘सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नका’ हा सल्ला शेअर बाजारात हमखास मिळतो. पण टोपल्या किती असाव्यात? याचं उत्तर एका साध्या गणितात सापडतं.

शेअरचा परतावा सरासरीच्या वर-खाली किती हलतो, हे व्हेरियन्स म्हणजेच विचरण सांगतं. विचरणाचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. समजा, प्रत्येक शेअरचं वार्षिक प्रमाण विचलन ३० टक्के आहे, म्हणजे विचरण ९००. कोणत्याही दोन शेअर्समधला सहसंबंध ०.३ आहे आणि पैसे सगळ्यांत सारखे वाटले आहेत. अशा वेळी सूत्र असं:

पोर्टफोलिओचं विचरण = सरासरी सहविचरण + (एका शेअरचं विचरण − सरासरी सहविचरण) ÷ शेअर्सची संख्या

सहविचरण म्हणजे दोन शेअर्स एकत्र किती हलतात त्याचं माप. इथे ते ०.३ × ९०० = २७० आहे. उरलेले ६३० शेअर्सच्या संख्येने भागले जातात.

- १ शेअर: विचरण ९००, प्रमाण विचलन ३० टक्के
- ५ शेअर्स: ३९६, सुमारे १९.९ टक्के
- २० शेअर्स: ३०१.५, सुमारे १७.४ टक्के
- १०० शेअर्स: २७६.३, सुमारे १६.६ टक्के

पहिल्या पाच शेअर्सनीच विचरण ५०४ ने उतरलं. २० वरून १०० वर गेल्यावर मात्र ते फक्त २५ ने कमी झालं. कितीही शेअर्स घेतले तरी ते २७० च्या खाली, म्हणजे प्रमाण विचलन १६.४ टक्क्यांच्या खाली जात नाही.

असं का होतं? २० शेअर्सच्या हिशेबात प्रत्येक शेअरच्या स्वतःच्या चढ-उताराच्या २० नोंदी असतात, तर एकमेकांशी असलेल्या संबंधाच्या ३८०. कारखान्यातला संप किंवा हुकलेलं कंत्राट यांसारखे एकाच कंपनीचे धक्के या गर्दीत विरून जातात. व्याजदर, मंदी, युद्ध यांचा फटका मात्र सगळ्यांना एकदम बसतो. तो उरतोच.

म्हणून संख्येपेक्षा सहसंबंध महत्त्वाचा. समजा, २० शेअर्स एकाच क्षेत्रातले आहेत आणि त्यांच्यातला सहसंबंध ०.७ आहे. मग विचरण ६४३.५ आणि प्रमाण विचलन सुमारे २५.४ टक्के येतं. म्हणजे वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या वरच्या पाच शेअर्सपेक्षाही जोखीम जास्त!

प्रत्यक्षात सगळे शेअर्स सारखे नसतात आणि सहसंबंधही स्थिर राहत नाही. बाजार कोसळताना तो सहसा वाढतो. २३ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या भीतीने सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के घसरला, तेव्हा वेगवेगळ्या क्षेत्रांतले शेअर्सही एकत्रच पडले. शांत काळातल्या आकड्यांवर काढलेली जोखीम अशा दिवशी अपुरी ठरते. त्यामुळे आपल्याकडे किती शेअर्स आहेत हे मोजताना, मागच्या मोठ्या घसरणीत ते सगळे एकदमच पडले होते का, हेही तपासावं लागतं.