चॅटमधून तिकीट बंद करताना गडबड कुठे होते? सुरक्षित स्लॅश कमांड कशी बनवायची

ऑफिसच्या टीम चॅटमध्ये `/` ने सुरू होणारी ओळ ही गप्पांचा भाग नसते, ती एका प्रोग्रामला दिलेली आज्ञा असते. स्लॅकमध्ये कुणी `/ticket 1482` असं टाइप केलं, की स्लॅक ती ओळ साध्या मेसेजसारखी न टाकता टीमने आधी नोंदवून ठेवलेल्या वेब पत्त्यावर पाठवतं. तिथला प्रोग्राम तिकिटांच्या डेटाबेसमध्ये पाहतो आणि उत्तर चॅटमध्ये परत येतं. यालाच स्लॅश कमांड म्हणतात. तिकीट म्हणजे इथे एसटीचं नव्हे, तर ग्राहकाच्या तक्रारीची नंबर दिलेली नोंद.

तिकिटाची स्थिती विचारण्यात फारसा धोका नाही. उत्तर चुकलं तर पुन्हा विचारता येतं. पण त्याच कमांडने स्थिती बदलायची सोय दिली, की प्रश्न सुरू होतात.

नांदेडने बंद केलं, लातूरला कळलंच नाही

समजा, बिलिंग सॉफ्टवेअर देणारी एक छोटी टीम आहे. फोन घेणारे नांदेडला बसतात, दुरुस्तीला जाणारे लातूरला असतात. लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानातून तक्रार येते: सोयाबीनचा सौदा झाला, पण शेतकऱ्याला द्यायची हिशेबपट्टी छापली जात नाही. तिकीट नंबर १४८२.

सकाळी ११ वाजता नांदेडहून कुणीतरी स्थिती विचारते. उत्तर येतं, ‘काम सुरू’. ११ वाजून ५ मिनिटांनी लातूरचा माणूस दुकानात पोचतो. प्रिंटर चालू होतो, पण पट्टीवर हमालीची रक्कम दोनदा वजा होते आहे हे त्याच्या लक्षात येतं. तो स्थिती बदलून ‘दुरुस्ती बाकी’ करतो आणि कारण लिहितो. ११ वाजून १० मिनिटांनी दुकानातला मुलगा फोनवर सांगतो, "हो, छापतंय आता." नांदेडची व्यक्ती `/ticket 1482 close` टाइप करते. तिच्या स्क्रीनवर अजून ११ वाजताचं ‘काम सुरू’ हेच दिसत असतं.

कमांडने सांगितलेलं काम चोख केलं आणि तिकीट बंद झालं. आता ते कुणाच्याच यादीत दिसणार नाही आणि पट्टीवर शेतकऱ्याचे पैसे कमी लागत राहतील. यात कुणाचीही बोटं चुकलेली नाहीत. आधी वाचलं, मग दुसऱ्याने बदललं, आणि जुन्या माहितीवर पहिल्याने पुन्हा बदललं. डेटाबेसच्या जगात याला ‘हरवलेला बदल’ म्हणतात.

आवृत्ती क्रमांकाचं कुलूप

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. प्रत्येक तिकिटाला एक आवृत्ती क्रमांक द्यायचा आणि तिकिटात काहीही बदललं की तो एकने वाढवायचा. नांदेडने ११ वाजता पाहिलं तेव्हा आवृत्ती ७ होती. लातूरच्या नोंदीनंतर ती ८ झाली. बंद करण्याची आज्ञा ‘१४८२ बंद कर’ एवढीच न ठेवता ‘१४८२ अजून आवृत्ती ७ वर असेल तरच बंद कर’ अशी द्यायची:

```sql
UPDATE tickets
SET status = 'closed', version = version + 1
WHERE id = 1482 AND version = 7;
```

किती ओळी बदलल्या हे डेटाबेस सांगतो. १ असेल तर काम झालं. ० असेल तर मध्ये कुणीतरी हात लावला आहे. तपासणं आणि बदलणं एकाच आज्ञेत आहे, हे इथलं खरं मर्म. आधी वाचून तपासायचं आणि मग वेगळ्या आज्ञेने बदलायचं असं केलं, तर त्या दोन आज्ञांच्या मधल्या क्षणातही तोच घोटाळा होऊ शकतो.

पण हा ७ येतो कुठून? माणसाने टाइप करावा अशी अपेक्षा करू नये. म्हणून `close` लिहिल्यावर तिकीट लगेच बंद न करता आधी त्याची आत्ताची स्थिती, शेवटची नोंद आणि खाली ‘बंद करा’ असं बटण दाखवायचं. हे उत्तर फक्त विचारणाऱ्यालाच दिसेल असं ठेवायचं. बटणाच्या आत `1482:7` असं मूल्य लपवायचं. दाखवलेली माहिती आणि बटणातली आवृत्ती एकाच वेळच्या वाचनातली हवी. आपल्या उदाहरणात नांदेडच्या व्यक्तीला ११.१० ला हमालीची नोंद बटणाच्या वरच दिसली असती. आणि नोंद बटण आल्यानंतर पडली असती, तर दाबल्यावर ० ओळी बदलल्या असत्या. त्या वेळी ‘एरर’ एवढंच न सांगता काय झालं ते सांगावं:

```
1482 बंद झालं नाही. तुम्ही पाहिल्यानंतर त्यात बदल झाला आहे.
आत्ताची स्थिती: दुरुस्ती बाकी
नोंद: हमाली दोनदा वजा होते
```

बदल यशस्वी झाला तर मात्र तो सगळ्या चॅनेलला दिसावा. कुणी, काय, कशावरून कशावर बदललं, हे दिसलं की पलीकडच्या गावचा माणूस लगेच हटकू शकतो.

तीन सेकंदांची घाई

स्लॅक कमांडच्या उत्तरासाठी ३ सेकंदच थांबतं. तोवर उत्तर नाही आलं तर वापरणाऱ्याला `operation_timeout` दिसतं. गंमत अशी, की मागे काम पूर्णही झालेलं असू शकतं. माणूस साहजिकच पुन्हा प्रयत्न करतो. बटण दोनदा दाबलं गेलं तर आवृत्ती क्रमांक दुसरा बदल रोखतोच, पण ‘दुसऱ्याने बदल केला’ असा निरोप आपल्यालाच आला तर गोंधळ उडतो. म्हणून शेवटचा बदल याच व्यक्तीचा आणि हाच असेल तर ‘आधीच बंद झालं आहे’ असं सांगावं. काम लांबणार असेल तर आधी पोच द्यावी आणि खरं उत्तर स्लॅकने दिलेल्या `response_url` वर मागाहून पाठवावं. तो पत्ता ३० मिनिटं चालतो आणि त्यावर ५ वेळाच उत्तर पाठवता येतं.

आज्ञा नक्की कुणाची?

तो वेब पत्ता इंटरनेटवर उघडा असतो. कुणीही त्यावर खोटी आज्ञा पाठवू शकतं. म्हणून स्लॅक प्रत्येक विनंतीसोबत वेळ आणि गुप्त किल्लीने केलेली सही पाठवतं. प्रोग्रामने तीच सही स्वतः काढून ताडून पाहायची आणि ५ मिनिटांपेक्षा जुनी विनंती नाकारायची. माणूस ओळखायचा तो `user_id` वरून, नावावरून नव्हे, कारण नाव बदलता येतं. हा माणूस तिकीट बंद करू शकतो का, हे बटण दाबल्यावर पुन्हा तपासायचं. बहुतेक टीम इथेच आळस करतात: कमांडला सर्वाधिकार असलेलं एकच खातं देऊन टाकतात. मग चॅटमध्ये आलेला कालचा शिकाऊ मुलगाही चॅटमधून साहेब होतो.

‘बंद’ म्हणजे काय बंद?

मराठीत कमांड ठेवायची हौस असेल तर एक खड्डा आहे. `/ticket 1482 बंद` याचा अर्थ तिकीट बंद करा, की प्रिंटर बंद आहे? दुकानात उभा असलेला माणूस दुसऱ्या अर्थाने सहज लिहील. ‘सुटली’ हा शब्द बरा, कारण सुटते ती तक्रारच.

आकड्यांचंही तसंच. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून `१४८२` येऊ शकतं. पायथनमध्ये `int("१४८२")` बिनतक्रार 1482 देतं, पण जावास्क्रिप्टमध्ये `Number("१४८२")` चं उत्तर `NaN` येतं, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. त्यामुळे आलेले देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत, आणि उत्तरात तिकिटाच्या नंबरासोबत दुकानाचं नावही दाखवावं. १४८२ ऐवजी १४२८ टाइप झालं असेल तर ते नावावरूनच कळतं.