एकदा पुढे, एकदा मागे: पुलाच्या तुळईपासून टॉमसच्या रीतीपर्यंत

🧵 थ्रेड

१/
इ. स. १८५० मध्ये वेल्समधील मेनाई सामुद्रधुनीवर ब्रिटानिया हा रेल्वेपूल खुला झाला. रॉबर्ट स्टीफनसन यांच्या या पुलात आगगाडी लोखंडी पत्र्यांच्या प्रचंड चौकोनी नळीतून धावत असे. पुलाला चार गाळे होते: मधले दोन प्रत्येकी ४६० फुटांचे आणि कडेचे दोन प्रत्येकी २३० फुटांचे. चार गाळ्यांच्या चार नळ्या सुट्या न ठेवता मधल्या तीन मनोऱ्यांवर एकमेकींना जोडून त्यांची एक अखंड तुळई करण्यात आली होती.

२/
अखंड तुळई अधिक बळकट असते, परंतु तिचा हिशेब अवघड असतो. सुट्या गाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करता येतो. अखंड तुळईत मात्र एका गाळ्यावर भार पडला की त्याचा परिणाम मनोऱ्यावरून पलीकडच्या गाळ्यात पोहोचतो, तेथून त्याच्याही पलीकडे जातो. फ्रेंच अभियंते नाव्हिए यांनी या प्रश्नात प्रत्येक टेकूचे प्रतिक्रियाबल अज्ञात धरले होते. तसे केले की प्रत्येक समीकरणात जवळजवळ सगळीच अज्ञाते उपस्थित होतात, आणि टेकू वाढले की हिशेब हाताबाहेर जातो.

३/
यातून वाट निघाली ती अज्ञाते बदलल्यामुळे. १८५५ मध्ये आंरी बेर्तो आणि १८५७ मध्ये एमिल क्लापेरों यांनी टेकूवरील बलाऐवजी टेकूपाशी तुळईला वाकवणारे आघूर्ण अज्ञात मानले. या निवडीने समीकरणांचे रूपच पालटले. कोणत्याही टेकूच्या समीकरणात आता तीनच आघूर्णे उरली: त्या टेकूचे स्वतःचे, डावीकडच्या शेजाऱ्याचे आणि उजवीकडच्या शेजाऱ्याचे. अभियांत्रिकीत हे ‘तीन आघूर्णांचे समीकरण’ म्हणून ओळखले जाते.

४/
ब्रिटानियाच्याच मापांवर हे समीकरण लावून पाहता येते. सोयीसाठी नळीची जाडी व उंची सर्वत्र सारखी आणि भार एकसारखा पसरलेला मानू. प्रत्यक्ष पुलात नळीची उंची मध्याकडे वाढत गेलेली होती. २३० फूट म्हणजे १ एकक धरले की गाळे १, २, २, १ असे होतात. प्रत्येक एकक लांबीवर भार ४ धरला की उजव्या बाजूस शेजारच्या दोन गाळ्यांच्या घनांची बेरीज येते: १ + ८ = ९ किंवा ८ + ८ = १६. दोन्ही टोकांना आघूर्ण शून्य. मधल्या तीन मनोऱ्यांवरील आघूर्णे अ, ब, क मानू.

५/
मग तीन समीकरणे अशी मिळतात:

```
६अ + २ब      = ९
२अ + ८ब + २क = १६
     २ब + ६क = ९
```

पहिल्यात क नाही, तिसऱ्यात अ नाही. शंभर मनोरे असते तरी चित्र हेच राहिले असते: मधल्या कर्णावर एक संख्या, तिच्या दोन्ही बाजूंस एकेक, बाकी सर्वत्र शून्ये. म्हणून अशा रचनेला ‘त्रिकर्णी’ म्हणतात.

६/
आता पुढे जाणारी फेरी. पहिल्या समीकरणाला ६ ने भागले की

अ = ३/२ − (१/३)ब

हे दुसऱ्यात घातले की अ नाहीसा होतो आणि (२२/३)ब + २क = १३ उरते. म्हणजेच

ब = ३९/२२ − (३/११)क

हे तिसऱ्यात घातले की (६०/११)क = ६०/११, म्हणून क = १. फेरी शेवटच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचली आणि तेथे एकच अज्ञात उरल्यामुळे ते उघडे पडले.

७/
मग परतीची फेरी. क = १ हे मागच्या ओळीत ठेवले की ब = ३९/२२ − ६/२२ = ३/२. ते त्याच्या मागच्या ओळीत ठेवले की अ = ३/२ − १/२ = १. उत्तर: १, १.५, १. पूल मध्याभोवती सममित असल्याने अ आणि क समान येणे आवश्यकच होते. हिशेब बरोबर आहे याची ही पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे तिन्ही मूल्ये मूळ समीकरणांत ठेवून पाहणे: ६ + ३ = ९, २ + १२ + २ = १६, ३ + ६ = ९.

८/
या संख्यांना अर्थ आहे. मोठा गाळा सुटा असता तर त्याच्या मध्यावरील आघूर्ण याच एककांत २ आले असते. अखंड तुळईत दोन टोकांवरील १ आणि १.५ यांची सरासरी, म्हणजे १.२५, त्यातून वजा होते आणि मध्यावर केवळ ०.७५ उरते. नळ्या मनोऱ्यांवर जोडण्याचा खटाटोप स्टीफनसन यांच्या चमूने का केला, हे या एका वजाबाकीतून कळते.

९/
ही रीत म्हणजे वस्तुतः गाउस यांच्या नावाने ओळखली जाणारी निरसनपद्धतीच. फरक शून्यांमुळे पडतो. एक अज्ञात काढून टाकताना ते केवळ पुढच्या शेजाऱ्याच्या समीकरणात शिरते. दूरच्या कोणत्याही समीकरणाला स्पर्श होत नाही आणि शून्याच्या जागी नवी संख्या उगवत नाही. म्हणून प्रत्येक ओळीला ठरावीकच श्रम पडतात: गुणाकार-भागाकार मिळून सुमारे पाच. शंभर अज्ञातांसाठी ही संख्या सुमारे ५०० होते. शून्यांकडे दुर्लक्ष करून सर्वसाधारण निरसन केले तर तीच सुमारे ३,३०,००० वर जाते. अज्ञाते दुप्पट झाली की एका रीतीचे श्रम दुप्पट होतात, दुसरीचे आठपट.

१०/
पुलांच्या हिशेबात अज्ञाते थोडीच असत, त्यामुळे या बचतीला वेगळे नाव देण्याची निकड नव्हती. ती निकड उष्णतेच्या गणिताने आणली. १९४७ मध्ये जॉन क्रँक आणि फिलिस निकोल्सन यांनी उष्णतावहनाचे समीकरण पायरीपायरीने सोडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत सळईवरील प्रत्येक बिंदूचे पुढच्या क्षणाचे तापमान त्याच्या दोन शेजाऱ्यांच्या पुढच्या क्षणाच्या तापमानाशी बांधलेले असते. म्हणजे पुन्हा त्रिकर्णी समीकरणे, आणि तीही काळाच्या प्रत्येक पावलाला नव्याने सोडवायची.

११/
दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, लुएलिन हिलेथ टॉमस यांचा एक अहवाल न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील वॉटसन संगणन प्रयोगशाळेतून निघाला. आयबीएमची ही प्रयोगशाळा यंत्रांवर करायच्या गणिताचे केंद्र होती. टॉमस हे मूळचे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ. इलेक्ट्रॉनच्या फिरकीच्या गणितातील ‘टॉमस परांचन’ १९२६ चे, अणूचे ‘टॉमस-फर्मी’ प्रारूप १९२७ चे. तरीही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी त्यांचे नाव बसले ते या दोन फेऱ्यांच्या रीतीमुळे: ‘टॉमस अल्गोरिदम’.

१२/
शीतयुद्धाच्या दुसऱ्या बाजूस हीच रीत वेगळ्या नावाने नांदत होती. सोव्हिएत गणितज्ञ गेल्फान्ड आणि लोकुत्सिएव्हस्की यांच्या नावाशी जोडलेल्या या पद्धतीला रशियनमध्ये ‘प्रोगोन्का’ म्हणतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाकत नेणे, असा त्या शब्दाचा भाव. गोदुनोव्ह आणि र्याबेन्की यांच्या १९६२ च्या ग्रंथात तिचे विवेचन आले. नावे दोन, पण फेऱ्या त्याच: एक जाण्याची, एक येण्याची.

१३/
ही रीत कोठे फसते? तीन साधी समीकरणे पाहू:

```
अ + ब     = ३
अ + ब + क = ६
    ब + क = ५
```

उत्तर १, २, ३ असे स्वच्छ आहे. परंतु पहिल्यातून अ = ३ − ब घेऊन दुसऱ्यात घातले की ब चा गुणक १ − १ = ० होतो आणि पुढच्या पायरीवर शून्याने भागण्याची वेळ येते. गुणक शून्य न होता शून्याच्या अगदी जवळ आला तर धोका अधिकच, कारण यंत्र थांबत नाही; प्रचंड संख्या तयार होतात आणि त्यांच्या वजाबाकीत खरे अंक बुडून जातात. उत्तर मूळ समीकरणांत ठेवून पाहिले की हा बिघाड उघड होतो. अशा वेळी ओळींची अदलाबदल करीत निरसन करावे लागते. त्यात एक जादा कर्ण भरतो, पण श्रम ओळींच्या प्रमाणातच राहतात.

१४/
पुलाच्या समीकरणांत हे कधीच घडत नाही. दोन मनोऱ्यांमधल्या टेकूचा मधला गुणक शेजारच्या दोन गुणकांच्या बेरजेच्या नेमका दुप्पट असतो: ८ विरुद्ध २ + २. मधला गुणक असा वरचढ असला की पुढच्या फेरीतील भाजक शून्याकडे झुकत नाही, आणि १/३, ३/११ यांसारखे उरलेले गुणक १ पेक्षा लहानच राहतात. त्यामुळे परतीच्या फेरीत एखादी बारीक चूक शिरली तरी प्रत्येक पावलाला ती आणखी बारीक होत जाते. क्रँक-निकोल्सन यांच्या समीकरणांनाही हेच वरचढपण लाभलेले आहे.

१५/
खरी मर्यादा वेगळीच आहे. सळईऐवजी पत्रा घेतला की प्रत्येक बिंदूला चार शेजारी येतात. मग निरसन करताना शून्यांच्या जागा भरू लागतात आणि बचत हातची जाते. १९५५ मध्ये पीसमन आणि रॅकफर्ड यांनी यावर तोड काढली: काळाचे पाऊल दोन भागांत वाटायचे, पहिल्या अर्ध्यात केवळ आडव्या ओळींतील शेजारी बांधायचे, दुसऱ्या अर्ध्यात केवळ उभ्या. प्रत्येक ओळ आणि प्रत्येक स्तंभ हा पुन्हा एकेक त्रिकर्णी प्रश्न ठरतो. अवघड पत्रा अशा रीतीने सोप्या सळयांत विभागला गेला.

१६/
टॉमसच्या फेरीत मागची ओळ सुटल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. म्हणून एकाच साखळीचे काम अनेक गणकांत वाटून देणे या रीतीला जमत नाही. १९६५ मध्ये रॉजर हॉकनी यांनी जीन गोलब यांच्या साहाय्याने एकाआड एक अज्ञाते काढून टाकण्याची वाट दाखवली. तीत उरलेली समीकरणे पुन्हा त्रिकर्णीच राहतात, संख्येने मात्र निम्मी होतात, आणि ही काटछाट सर्व ठिकाणी एकाच वेळी करता येते.

१७/
ब्रिटानियाच्या नळ्या १९७० च्या आगीत निकामी झाल्या. त्या जागी आता कमानींचा पूल उभा आहे. मात्र प्रत्येक समीकरणात आपण स्वतः आणि आपले दोन शेजारी एवढेच ठेवायचे, ही बेर्तो आणि क्लापेरों यांची निवड टिकून राहिली. टॉमसच्या दोन फेऱ्या त्या निवडीच्याच बळावर चालतात.

(समाप्त)