झोपलेल्या संगणकाचा उघडा कान

संध्याकाळी संगणक बंद करून आपण खोलीबाहेर पडतो. पंखा थांबलेला, पडदा काळा. पण मागे जिथे नेटवर्कची केबल खोचलेली असते, तिथला छोटा हिरवा दिवा पुष्कळदा तेवतच असतो. संगणक बंद असूनही त्याचे नेटवर्क कार्ड थोड्याशा विजेवर जागे आहे, एवढेच त्या दिव्यावरून समजते. हे कार्ड जागे कशासाठी राहते?

या सोयीचा इतिहास १९९५ चा. मोठ्या कचेऱ्यांत शेकडो संगणक असत आणि त्यांवर नवीन प्रणाली चढवायचे काम रात्री करावे लागे. संगणक बंद असले तर माणसाने मजल्यामजल्यावर जाऊन बटणे दाबायची! तेव्हा एएमडी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ‘मॅजिक पॅकेट’ची कल्पना मांडली. पुढे १९९७ मध्ये इंटेल व आयबीएम यांनी ‘वेक ऑन लॅन’ या नावाने हे तंत्र बाजारात आणले.

नावात जादू असली तरी आत फार साधा मामला आहे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला सहा बाइटचा एक क्रमांक असतो, उदाहरणार्थ 00:1A:2B:3C:4D:5E. आता FF हा बाइट सहा वेळा लिहा आणि त्यापुढे हा क्रमांक सोळा वेळा लिहा. सहा अधिक शहाण्णव, असे १०२ बाइट झाले. हा संदेश नेटवर्कवर सर्वांना उद्देशून सोडला जातो. ज्या कार्डाला त्यात आपला क्रमांक दिसतो, ते संगणकाला उठवते. संदेश कोणी पाठवला, हे ते विचारत नाही. काही कार्डांत परवलीचा शब्द लावता येतो, पण तोही उघड्या मजकुरात जातो. म्हणजे नेटवर्कवर कान लावून बसणाऱ्याला तो ऐकू येतो.

अशा हाकेने संगणक उठतो, पण त्याचे कुलूप उघडत नाही. मग भीती कशाची? जानेवारी २०२० मध्ये ‘रायुक’ या खंडणीखोर विषाणूचे जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात याचे उत्तर आहे. हा विषाणू एका संगणकात शिरला की तेथील शेजाऱ्यांच्या पत्त्यांची यादी वाचे. त्या यादीत प्रत्येक शेजाऱ्याच्या कार्डाचा क्रमांक तयारच असतो. मग तो प्रत्येकाला जादूची हाक पाठवी, आणि जागा झालेल्या संगणकाची डिस्क नेटवर्कवरून जोडून तिच्यातील फायली कुलूपबंद करण्याचा प्रयत्न करी. रात्री बंद असल्यामुळे जे संगणक वाचले असते, तेही असे तावडीत येत.

दुसरा दरवाजा आणखी आत, फर्मवेअरमध्ये आहे. डिस्क नसली किंवा कोरी असली, तरी संगणकाने नेटवर्कवरून प्रणाली मागून घ्यावी, यासाठी इंटेलने पीएक्सई ही पद्धत आखली, तिची २.१ ही आवृत्ती १९९९ ची. यासाठी विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधीच फर्मवेअरला नेटवर्कची भाषा बोलावी लागते. म्हणजे विषाणूरोधक नाही, फायरवॉल नाही, अशा वेळी संगणक बाहेरच्याशी बोलू लागतो.

अनेक उत्पादकांचे फर्मवेअर ‘ईडीके-२’ या मुक्त संग्रहावर आधारलेले असते. क्वार्कस्लॅब या फ्रेंच संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या नेटवर्क भागातील नऊ दोष जाहीर केले आणि त्यांना ‘पिक्सीफेल’ नाव दिले. त्यांपैकी एक समजून घेऊ. सुरू होणारा संगणक विचारतो, “मला पत्ता कोण देईल?” उत्तर देणारा स्वतःची ओळख सांगतो आणि संगणक ती ठरावीक आकाराच्या जागेत उतरवून घेतो. ओळख फाजील लांब असली तर? लांबी नीट तपासली जात नव्हती. जास्तीचा मजकूर शेजारच्या स्मृतीवर सांडे, आणि हल्लेखोराला त्यातून आपल्या आज्ञा घुसवता येण्याची शक्यता होती. मात्र त्यासाठी हल्लेखोर त्याच नेटवर्कवर असावा लागतो आणि नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय चालू असावी लागते. दुरुस्त फर्मवेअर उत्पादकांकडून यावे लागते, आणि जुन्या बोर्डांसाठी ते येईलच असे नाही.

म्हणून सावध वापरणारा या सोयी बंद ठेवतो. फर्मवेअरच्या यादीत Wake on LAN किंवा Power On By PCI-E, आणि Network Stack किंवा PXE Boot अशी नावे दिसतात. बोर्डागणिक ती बदलतात. लिनक्सवर कार्डाची स्थिती अशी पाहता येते (eth0 च्या जागी आपल्या कार्डाचे नाव घालावे):

```
sudo ethtool eth0 | grep Wake-on
```

Wake-on: पुढे g दिसले तर जादूची हाक ऐकण्याची सोय चालू आहे, d दिसले तर बंद आहे. नुसत्या हिरव्या दिव्यावर मात्र विसंबू नये, कारण काही बोर्डांवर तो दोन्ही वेळी तेवतो. खरी परीक्षा म्हणजे दुसऱ्या संगणकावरून हाक पाठवून पाहणे.

ज्या प्रयोगशाळेत सगळे संगणक सर्व्हरवरूनच सुरू होतात, तिथे Network Stack बंद करता येणार नाही. तिथे त्या संगणकांचे नेटवर्क इतरांपासून वेगळे ठेवावे लागते. घरच्या संगणकाला सहसा या दोन्हींची गरज नसते. फक्त फर्मवेअर अद्ययावत केल्यावर किंवा बोर्डावरचा सेल बदलल्यावर निवडलेले पर्याय पुष्कळदा मूळपदावर जातात, तेव्हा ती यादी पुन्हा उघडून पाहावी.